तिखटाचा काय गुन्हा?

घरात कुणाची शुगर निघाली की सगळ्यात आधी तिखट कमी होतं. मग तेल, मग खोबरं, मग मीठ, आणि शेवटी ताटात उरतं ते दवाखान्यातल्या खाटेवर आणून द्यावं असं काहीतरी पांढरट. गंमत अशी की ज्यानं शुगर वाढते ते बहुतेक वेळा त्या पांढरटातच असतं. मिरचीनं रक्तातली साखर चढत नाही. लसूण, तीळ, फोडणी यांनीही सांगण्यासारखी चढत नाही. पण ‘पथ्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं फिकं जेवणच येतं, आणि कोल्हापुरात फिकं जेवण म्हणजे शिक्षा.

आमच्या आत्तीला ही शिक्षा काही दिवस झाली होती. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय ७४. तिचा शिवाजी पेठेत चटणीचा डंक होता. उन्हाळा लागला की ब्याडगी आणि संकेश्वरीची पोती दारात यायची आणि निम्म्या पेठेची वर्षाची चटणी तिथं कांडून जायची. आता डंक बंद आहे, ती आमच्याकडं असते, आणि सकाळी बायको शाळेत लवकर जात असल्यामुळं आत्तीचा नाष्टा माझ्याकडं आहे. कुणीतरी भेटायला येताना ओट्सचा डबा आणला होता. ते दुधात शिजवून वाटीत दिलेलं पाहून ती म्हणाली, “ही पेज हाय का पतंगाला लावायची खळ?” पुढं बोलण्यासारखं काही नव्हतं.

बरं, सकाळचा नाष्टा हेच दिवसातलं सगळ्यात अवघड खाणं. दुपारी भाकरी-भाजी-आमटी जेवणाऱ्या माणसाला जेवताना फारसं काही बदलावं लागत नाही, भात आवरला की बरंचसं भागतं. सकाळचं तसं नाही. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत असतं, त्या वेळी वाढणारी संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचं काम जड करतात. त्यामुळं मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांत दुपारी पचून जाणारं खाणं सकाळी जास्त चढतं. आणि आपला नाष्टा बघा: पोहे, उप्पीट, शिरा, चहा-ब्रेड, इडली. सगळं पिष्टमय, मऊ, आणि दहा मिनिटांत खाऊन होणारं. मधुमेहाला याहून गैरसोयीची यादी करायची म्हटली तरी जमणार नाही.

आत्तीला मात्र यातलं कशाचंच दुःख नव्हतं. तिला मिसळ हवी होती. म्हणून मी बाकी सगळं बाजूला ठेवून मिसळीपासूनच सुरुवात केली.

कोल्हापूरच्या मिसळीत पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. एका माणसाची मिसळ ताटात उलगडून मांडली तर काय दिसतं? शिजवलेली मटकी, जी कोरडी मोजली तर २५ ग्रॅमच्या आसपास भरते. तळाशी बटाट्याची थोडी भाजी. वर मूठभर शेव-फरसाण. कांदा, कोथिंबीर, लिंबू. कट. आणि तीन स्लाइस. यातली कर्बोदकं, म्हणजे पचून शेवटी साखर होणारा भाग, असा निघतो: मटकीचे १४ ग्रॅम, बटाट्याचे ६, फरसाणाचे १५ आणि ब्रेडचे जवळजवळ ४०. एकूण ७५ ग्रॅम धरा. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा ब्रेडचा आहे, ज्याला स्वतःची चव अशी नाहीच. कट उचलून तोंडापर्यंत नेणं एवढंच त्याचं काम. आणि ज्या कटासाठी माणसं रविवारी रांगेत उभी राहतात त्या कटात तेल आहे, मीठ आहे, पण शुगर चढवणारं जवळजवळ काही नाही.

हे कळल्यावर काम सोपं झालं. कटाला हात लावायचा नाही. ब्रेड बदलायचा, बटाटा काढायचा, मटकी वाढवायची.

आमच्या घरची आत्तीची मिसळ आता अशी असते. मटकी कोरडी ४० ग्रॅम, रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणलेली. पावसाळ्यात मोड झटकन येतात आणि तितक्याच झटकन चिकटही होतात, म्हणून बांधायच्या आधी मटकी निथळून थोडी कोरडी करायची. थंडीत पुरचुंडी गॅसच्या शेगडीजवळ ठेवायची. तिची उसळ हिंगाच्या फोडणीत, अंगाबरोबर पाणी घालून, दाणा अखंड राहील अशी. फरसाण एक मोठा चमचा, तोही अगदी शेवटी वरून, म्हणजे कुरकुरीत लागतो आणि थोडा असला तरी पुष्कळ वाटतो. त्याच्या जोडीला भाजलेले शेंगदाणे. कांदा बारीक चिरून भरपूर, आणि ब्रेडच्या जागी शाळूची अर्धी भाकरी, साधारण ३० ग्रॅम पिठाची. कर्बोदकं ५० ग्रॅमच्या आत बसतात आणि त्यातली निम्मी मटकीची, म्हणजे सावकाश पचणारी. ताट आधीपेक्षा भरलेलं दिसतं. हे दिसणं महत्त्वाचं आहे. म्हाताऱ्या माणसापुढं ताट रिकामं दिसलं की ते आधी मनानं उपाशी राहतं.

कटाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नाष्टा कंटाळवाणा होतो की नाही ते इथं ठरतं. दोन मध्यम कांदे उभे चिरून दोन चमचे तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, एक मोठा चमचा तीळ, चमचाभर धणे आणि थोडी खसखस वेगवेगळी भाजायची. एकत्र टाकलं तर खोबरं जळेपर्यंत तीळ कच्चे राहतात. त्यात लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, कोथिंबिरीचे देठ घालून बारीक वाटायचं. हे वाटण फ्रीजमध्ये तीन-चार दिवस छान राहतं. कट करताना तिघांसाठी दोन मोठे चमचे तेल. तेल तापलं की गॅस बारीक करून दोन चमचे कांदा-लसूण चटणी घालायची आणि ती करपायच्या आत लगेच तीन चमचे वाटण. बाजूनं तेल सुटेपर्यंत परतायचं, मग तीन वाट्या कडकडीत गरम पाणी, आणि पंधरा मिनिटं मंद उकळी. तेल कमी असूनही तर्री वर येते ती या मंद उकळीमुळं. खळाखळा उकळलं की तेल रश्श्यात मिसळून जातं आणि मग माणसं ‘रंगच आला नाही’ म्हणून आणखी तेल ओततात. मीठ मात्र चव बघूनच घालायचं, कारण चटणीत आधीच असतं, फरसाणात असतं, आणि आत्तीला रक्तदाबाची गोळीही आहे.

आत्तीनं पहिल्यांदा हा कट चाखला तेव्हा म्हणाली, “तेल आखडता हात घेऊन घातलाईस. पन भाजलंयस बरं.” डंकवाल्या बाईकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

भाकरी आली म्हणजे सगळं भागलं असं मात्र समजायचं नाही. शुगरवाल्यानं भाकरी कितीही खावी, असं आमच्याकडं छातीठोकपणे सांगणारे खूप आहेत. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात; एक अख्खी भाकरी झाली की ब्रेडचा हिशोब बरोबर आलाच. भाकरीचा फायदा इतकाच की तिच्यात मैद्यापेक्षा तंतू जास्त, ती चावावी लागते, आणि अर्धीनं पोट भरल्यासारखं वाटतं. आत्तीची वरची कवळी आहे, त्यामुळं भाकरीचा कडक काठ तिला नको असतो. ती भाकरी कटात कुस्करून खाते. मग एक साधा क्रम ठेवलाय: आधी काकडी आणि चार घास नुसती उसळ, मग भाकरी. डाळी आणि भाजी आधी पोटात गेली की मागून आलेलं पिष्ट हळू उतरतं. यात खर्च नाही आणि पदार्थही बदलावा लागत नाही. फक्त पहिल्या चार घासांना जवळ बसावं लागतं, नाहीतर ती सरळ भाकरीला हात घालते.

आता हे सगळं खरंच उपयोगी पडतंय का, ते यंत्रावर बघायचं. तिथंही लोक गडबड करतात. नाष्ट्यानंतर कधीतरी बोट टोचतात, २०० दिसलं की घाबरतात, १४० दिसलं की खूश होतात. नुसता नंतरचा आकडा काही सांगत नाही. सकाळी उठतानाच १७० असेल तर १९० हा उत्तम नाष्टा, आणि उठताना ९५ असेल तर १८० म्हणजे बऱ्यापैकी उसळी. म्हणून खायच्या अगदी आधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजायचं, आणि मधली वाढ लिहायची. शेवटच्या घासापासून नाही, पहिल्या. आत्तीसारखं माणूस गप्पा मारत अर्धा तास खातं, तेव्हा हा फरक मोठा असतो. ब्रेडच्या मिसळीला ती १२४ वरून २२१ वर गेली होती, म्हणजे ९७ ची वाढ. भाकरीच्या मिसळीला १२१ वरून १७२, म्हणजे ५१. तिच्या डॉक्टरांनी दोन तासांनंतर १८० च्या आत ठेवायला सांगितलंय, आणि आम्ही घरी पन्नास-साठची वाढ चालवून घेतो.

तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. गोळी त्याच वेळी, चहा तोच, आणि नाष्ट्यानंतर चालायचं असेल तर दोन्ही दिवशी चालायचं, कारण खाल्ल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तरी आकडा उतरतो आणि श्रेय भलत्याच पदार्थाला जातं. घरातल्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं असू शकतो. म्हणून १६२ आणि १७२ यात काही अर्थ शोधायचा नाही. ९७ आणि ५१ यात आहे. बोट साबणानं धुऊन कोरडं केलं नाही आणि त्याला केळ्याचा किंवा चिक्कूचा अंश राहिला तर आकडा खोटा वर जातो. आणि स्ट्रिपांच्या डबीचं झाकण कोल्हापूरच्या जुलैमध्ये उघडं राहिलं तर दमटपणानं स्ट्रिपा खराब होतात.

मिसळ जमली तरी रोज मिसळ कोण खाणार? पण वाटण फ्रीजमध्ये तयार असतं, आणि तेवढ्यावर तीन-चार दिवस निघतात, फक्त सोबतीला काय ते बदलायचं. एक दिवस मुगाची धिरडी: हिरवे मूग ४० ग्रॅम रात्री भिजवायचे, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटायचे, दोन लहान धिरडी होतात. ती कटात बुडवून खायला आत्तीला भाकरीपेक्षा सोपी जातात. एक दिवस उकडलेली अंडी त्याच कटात, सोबत भाकरीचा चतकोर. मंगळवार-शुक्रवार ती अंडं खात नाही, अंबाबाईचे वार. मग त्या दिवशी ताकातलं पिठलं. पोहे बंद केले नाहीत. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम पोहे, आणि तेवढेच मोडाचे वाफवलेले मूग, वर शेंगदाणे आणि लिंबू. हे पोहे म्हणून दिले तर ती भांडते, ‘मुगाची उसळ, त्यात पोहे घातलेत’ म्हणून दिले की खाते. उप्पीट मला अजून तिच्या मनासारखं साधलेलं नाही. रव्याऐवजी गव्हाचा दलिया आणि भरपूर घेवडा घालून करतो, वाढ कमी येते, पण ती ताटलीत अर्धं ठेवते. म्हणून हल्ली करत नाही. जे खाल्लंच जात नाही त्याचा आकडा चांगला आला तर त्याचं काय करायचं?

नाचणीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. राधानगरीकडच्या पाहुण्यांनी घरच्या नाचणीचं पीठ पाठवलं, आणि सोबत सल्ला, की रोज सकाळी आंबील द्या, शुगर पळून जाईल. आत्ती खूश झाली. आंबील तिच्या लहानपणची. चार चमचे पीठ, म्हणजे ४० ग्रॅम, रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेलं, वर लसणीची फोडणी, साखर-गुळाचा कण नाही. कर्बोदकं हिशोबानं तीसच्या आत, मिसळीपेक्षा कितीतरी कमी. वाढ मात्र ७८. तिनं यंत्रच बिघडलं म्हणून जाहीर केलं. यंत्र ठीक होतं. बारीक दळलेलं पीठ, पूर्ण शिजून पातळ झालेलं, आणि चावायचं नाही, दोन मिनिटांत पिऊन संपवायचं. पोटाला करायला काही उरतच नाही, सगळं भरभर पुढं जातं. तेच पीठ भाकरीत घालून उसळीसोबत दिलं तर असं होत नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, तंतू आहेत, ती चांगलीच आहे. पण तीही धान्यच आहे, आणि तिची पेज केली की ती पेजेसारखीच वागते. गुळाबद्दल तर कोल्हापुरात राहून बोलणं धोक्याचं. एवढंच सांगतो, की साखरेच्या जागी गूळ घातल्यानं शुगरच्या हिशोबात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, मग तो गूळ आपल्या मार्केट यार्डातला असला तरी.

दुसऱ्या टोकालाही जायचं नसतं. आमच्या शेजारचे एक काका आत्तीसारखीच ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि खाल्लं किती याची ती वाट बघत नाही. काकांनी कुणाचं तरी ऐकून सकाळची भाकरी-चपाती पूर्ण बंद केली, नुसती अंडी आणि काकडी. साडेअकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं. यंत्रावर ५८ दिसलं. ७० च्या खाली गेलं की लगेच साखर द्यायची असते: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. लाडू किंवा चॉकलेट द्यायचं नाही, त्यातल्या तुपा-तेलामुळं साखर उशिरा चढते. माणूस गिळण्याच्या शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. त्यांच्या डॉक्टरांनी नंतर गोळी निम्म्यावर आणली. खरं तर ते आधी व्हायला हवं होतं, नाष्टा बदलायच्या आधी. म्हाताऱ्या माणसात घाम, थरथर ही लक्षणं कधीकधी दिसतही नाहीत, नुसतं माणूस चिडचिडं होतं किंवा गप्प बसून राहतं, आणि आपण म्हणतो वय झालं. म्हणून आत्तीच्या ताटात धान्य कमी आहे, शून्य कधीच नाही, आणि गोळी घेतली की नाष्टा समोर असतोच. उसळी वाढवताना तिच्या किडनीची तपासणी ठीक असल्याचं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. किडनीचा त्रास असेल तर डाळी-कडधान्यांचं माप त्यांनीच ठरवावं.

उपवासाचं मी इथं लांबवत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला ८७-८८ ग्रॅम. आत्तीला खिचडीऐवजी राजगिऱ्याची लहान भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी चालते, कारण आमटीत हिरवी मिरची ठेचून घालता येते.

राहता राहिली बाहेरची मिसळ. तिला दुकानातली मिसळ हवीच असते, त्या बाकड्यावर बसून. तेव्हा ती पिशवीत फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी घेऊन जाते. “बटाटा घालू नगंस, फरसान येगळं आन, आनी ह्यो बिरेड तुझा तुला,” असं दुकानदाराला सांगते. तो पूर्वी तिच्याच डंकावरून चटणी न्यायचा, त्यामुळं काही बोलत नाही. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी दोन तासांनी वाढ ४५ दिसली, घरच्यापेक्षा कमी. मला ते पटेना, म्हणून तिसऱ्या तासाला परत मोजलं, तर ६८. दुकानातल्या कटात तेल घरच्यापेक्षा पुष्कळ जास्त, आणि तेलकट खाणं पोटातून उशिरा सरकतं, त्यामुळं शुगरचा चढही उशिरा येतो. आता दुकानाच्या मिसळीच्या दिवशी आम्ही तीन तासांनीही मोजतो, आणि वरची तर्री चमच्यानं बाजूला काढतो. त्यावर तिची हरकत नाही. तिची हरकत वेगळीच आहे. “निस्ती ब्याडगी वापरलीया मेल्यानं,” ती परत येताना रिक्षात म्हणते, “रंग तेवढा हाय. ठसका कुटं हाय?”